बरगडीवर दाबले की छातीत कळ येते : हृदयाची शंका सोडून द्यावी का?

सह्यवाट

नमस्कार. माझे वय ४३ असून मी चिंचवडला राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस झालेला खोकला बराच रेंगाळला आणि तो उतरणीला लागला असतानाच घर बदलताना लोखंडी कपाट सरकवावे लागले. त्यानंतर छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, साधारण तिसरी-चौथी बरगडी जिथे त्या हाडाला येऊन मिळते तिथे, सुई टोचल्यासारखी कळ येऊ लागली. कूस बदलताना, शिंकताना आणि खोल श्वास घेताना ती वाढते, आणि बोटाने नेमके तिथे दाबले की हुबेहूब तीच कळ उठते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासून हे कॉस्टोकॉन्ड्रायटिस, म्हणजे बरगडी मधल्या हाडाला जोडणाऱ्या कूर्चेचा दाह, असल्याचे सांगितले, ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला, आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या.

तरीही घरचे निर्धास्त नाहीत, कारण वडिलांना ५१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. माझा प्रश्न एवढाच आहे की, दाबल्यावर दुखते म्हणजे हे दुखणे हृदयाचे नाही, असे (शब्दशः) छातीठोकपणे म्हणता येते का? आणि हे दुखणे साधारण किती काळ टिकते?

तर्कटपंत

म्हणता येते. हृदय बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत आहे आणि आपले बोट तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे बोटाने दाबून जे दुखते ते बाहेरच्या भिंतीतले, म्हणजे स्नायू, बरगडी किंवा कूर्चा यांपैकी कशाचे तरी असणार, हे उघड आहे. शिवाय ईसीजी व्यवस्थित आहे, म्हणजे विषय संपला. मलाही दोन वर्षांपूर्वी असेच दुखत होते. तेव्हा ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले, आठवड्याला एक याप्रमाणे पुड्या घेतल्या आणि दुखणे थांबले. आपण आधी ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, असे सुचवतो.

गावडॉक्टर

तर्कटपंतांचे शरीररचनेबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर आहे. दाबल्यावर जे दुखते ते भिंतीतले, हे खरे. पण भिंतीत दुखत आहे म्हणून आत काही बिघडलेले नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण एकाच माणसाला एकाच वेळी दोन दुखणी असू शकतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांमध्ये छाती दाबल्यावर दुखते असे सांगणारे थोडे का होईना, पण असतातच. त्यामुळे दाबून दुखण्याने हृदयाची शक्यता बरीच कमी होते, ती शून्य होत नाही.

म्हणून मी तपासताना केवळ दाबून थांबत नाही. दाबल्यावर विचारतो, "ज्या दुखण्यासाठी आपण माझ्याकडे आलात, ते हेच का?" या प्रश्नाचे उत्तर दाबण्यापेक्षा जास्त मोलाचे असते. आपल्यापैकी कोणीही छातीच्या कूर्चेवर अंगठ्याने जोरात दाबले तर थोडे दुखेलच, आणि आधीच घाबरलेल्या माणसाला तर हमखास दुखेल. मुद्दा तो नाही. घरी ज्या वेदनेने आपल्याला अस्वस्थ केले तीच वेदना, त्याच जागी, त्याच जातीची दाबल्याने उठते का, हे पाहायचे असते.

एक उदाहरण सांगतो. माण तालुक्यातले साधारण अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी छातीत दुखते म्हणून माझ्याकडे आले. चार दिवसांपूर्वी डाळिंबाचे क्रेट ट्रॉलीत चढवताना एकाचा कोपरा छातीवर आपटला होता. डाव्या बाजूला दाबले की ते कळवळत होते. एवढ्यावर वेदनाशामक लिहून देऊन त्यांना घरी पाठवणे अगदी सोपे होते. पण वरचा प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले, "नाही, हे क्रेटचं दुखणं. सकाळपासून आत जे होतंय ते निराळं आहे." मग नीट विचारल्यावर कळले की सकाळी विहिरीकडून चढ चढताना छातीच्या मध्यभागी दाब आला, थांबल्यावर कमी झाला, पुन्हा चालल्यावर आला आणि शेवटच्या वेळी बसूनही गेला नाही. सोबत जबडा दुखत होता आणि अंगाला गार घाम सुटला होता. पहिल्या ईसीजीत ठोस असे काही दिसले नाही. त्यांना तिथेच झोपवून, ॲस्पिरिन चावायला देऊन वीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढला, तेव्हा हृदयाच्या खालच्या भिंतीचे बदल स्पष्ट दिसले आणि त्यांना ताबडतोब साताऱ्याला हलवले.

यात ईसीजीबद्दलही एक गोष्ट लक्षात येईल. एक ईसीजी म्हणजे काही सेकंदांचे चित्र असते. झटका सुरू झाला तरी पहिल्या चित्रात तो दिसेलच असे नाही, आणि रक्तवाहिनीत अडथळा असला तरी आडवे पडून शांत असताना काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित येऊ शकतो. म्हणूनच रुग्णालयात शंका असली तर ईसीजी पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात.

सह्यवाट, आपल्या लिहिण्यावरून आपले दुखणे भिंतीतले वाटते. रेंगाळलेला खोकला आणि त्यावर कपाट, हे कारणही अगदी नेहमीचे आहे. एवढेच सांगा की चालताना, जिना चढताना किंवा जेवणानंतर चालताना छातीत काही निराळे वाटते का.

हिरवेरान

माझेही असेच आहे, म्हणून लिहिते. मला उजव्या बाजूला सगळ्यात खालच्या बरगड्यांपाशी दुखते, खाली वाकले की टक् असा आवाज येतो आणि काहीतरी सरकल्यासारखे वाटते. सोनोग्राफीत पित्ताशय ठीक आहे. हे कॉस्टोकॉन्ड्रायटिसच म्हणायचे का? यावर कोणते तेल चांगले?

स्नायुबंध

हिरवेरान ताई, आपले दुखणे या धाग्यातल्या दुखण्यापेक्षा वेगळे वाटते. वरच्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात, तर आठवी, नववी आणि दहावी या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकून असतात. ही खालची जोडणी सैल झाली की बरगडीचे टोक सरकते, आवाज येतो आणि तिथली नस चिमटीत सापडल्यासारखी कळ येते. तपासणारा बरगडीच्या खालच्या कडेखाली बोटे अडकवून ती हलकेच पुढे ओढतो, तेव्हा तीच कळ उठली तर निदानाला बळ मिळते. तेलाने यात फारसे काही साधणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

धागाकर्त्यांसाठी माझ्या कामापुरते लिहितो. मी कोल्हापूरला फिजिओथेरपिस्ट आहे आणि डॉक्टरांनी हृदयाची बाजू तपासून पाठवलेले असे रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत उतरते, काहींचे मात्र कित्येक महिने मागे लागते, आणि बरे झाल्यावर पुन्हा खोकला किंवा ओझे झाले की परत येऊ शकते. लांबणाऱ्या दुखण्यामागे माझ्या पाहण्यात दोन कारणे असतात. एक म्हणजे दुखते म्हणून रुग्ण खांदे पुढे ओढून, उथळ श्वास घेत वावरतो, त्यामुळे छातीचा पिंजरा आखडतो. दुसरे म्हणजे "अजून दुखते का" हे पाहण्यासाठी तो दिवसभर तीच जागा बोटाने दाबत राहतो. हे दुसरे तर निदान झाल्याच्या दिवसापासून बंद करावे. शेक, ओझे न उचलणे, आणि तीव्र कळ ओसरल्यावर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती हळूहळू पुढे नेण्याचा ताण, एवढ्याने बऱ्याच जणांचे भागते. ताण देताना ओढ जाणवावी. कळ आली तर हात मागे घ्यावेत.

आणखी एक गोष्ट पाहावी. कॉस्टोकॉन्ड्रायटिसमध्ये जागा दुखते, पण दिसण्यात फुगलेली नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीच्या जोडावर डोळ्यांना दिसेल अशी एकच टणक सूज असेल, तर तो टिट्झे सिंड्रोम असू शकतो. ब्रेस्लाऊचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर टिट्झे यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. तोही बहुधा निरुपद्रवीच असतो, पण आपल्याकडे सूज दिसली की मी रुग्णाला आधी डॉक्टरांकडे परत पाठवतो, कारण बरगडीचा क्षयरोगही अशीच सूज घेऊन येतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे हाडातले दुखणे, यांपैकी काही सोबत असेल तर व्यायामाचा विचार नंतर करावा.

चाफेकळी

मी डॉक्टर नाही, पण आईचा अनुभव इथे लिहावासा वाटतो. ती ६६ वर्षांची आहे आणि तिला पंधराएक वर्षे मधुमेह आहे. तिच्या छातीत कळ अशी आलीच नाही. सकाळपासून मळमळ, पोटाच्या वरच्या भागात जडपणा आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी लागणारा दम, एवढेच होते. आम्ही सगळ्यांनी तो गॅस ठरवला. तिने ॲसिडिटीचे औषध घेतले आणि तिला थोडे बरेही वाटले, त्यामुळे आमची खात्रीच पटली. शेजारच्या काकांनी त्यांची हृदयाच्या दुखण्यासाठीची, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दिली, त्यानंतर तिला चक्कर येऊन ती खाली बसली. रात्री रुग्णालयात नेले, तेव्हा झटका येऊन बरेच तास झाल्याचे कळले. आता ती बरी आहे.

म्हणून मला विचारायचे आहे की, ॲसिडिटीच्या औषधाने किंवा सॉर्बिट्रेटने बरे वाटले, तर त्यावरून काही ठरवता येते का?

गावडॉक्टर

चाफेकळी ताई, दोन्हींवरून काहीच ठरवता येत नाही. झटक्याचे दुखणे स्वतःहूनही काही काळ उतरते, आणि तेव्हा नेमके जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. सॉर्बिट्रेटने अन्ननलिकेचा पेटकाही सैल होतो, त्यामुळे बरे वाटले म्हणजे हृदय आणि वाटले नाही म्हणजे गॅस, असा हिशेब चुकतो. दुसऱ्याची ही गोळी तर देऊच नये. तिने रक्तदाब एकदम खाली येतो, आणि लैंगिक क्षमतेसाठीचे सिल्डेनाफिलसारखे औषध घेतलेल्या पुरुषाचा तो जीवघेणा उतरू शकतो. अशी औषधे माणसे घरात सांगत नाहीत, ही खरी अडचण आहे.

मधुमेह असलेल्यांत, वृद्धांत आणि स्त्रियांत छातीतली ठसठशीत वेदना नसणे हे नवे नाही. दम, मळमळ, घाम, विनाकारण गळून गेल्यासारखे वाटणे, जबडा, मान किंवा खांदा दुखणे, एवढ्यावरच झटका येऊन जाऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जर्मनीतल्या मारबर्ग येथे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी पाच प्रश्नांची एक गुणपद्धत तयार झाली. पुरुष ५५ किंवा स्त्री ६५ वर्षांच्या पुढे आहे का, रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून आहे का, श्रमाने दुखणे वाढते का, दाबून ते उठत *नाही* का, आणि रुग्णाला स्वतःला हे हृदयाचे वाटते का. प्रत्येक होकाराला एक गुण, आणि तीन किंवा अधिक झाले तर हृदयाचा संशय गंभीरपणे घ्यायचा. यात मला आवडते ते हे की, दाबून दुखणे हा पाचातला फक्त एक प्रश्न आहे आणि तो एकटा निकाल देत नाही. रुग्णाच्या स्वतःच्या धास्तीलाही इथे गुण आहे, हेही मला योग्य वाटते.

पण ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीतून दिसले की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत सुमारे ५९ व्या. त्यामुळे ५५ ची मर्यादा आपल्या पुरुषांना फसवी ठरू शकते. शिवाय मधुमेह, तंबाखू आणि घराण्याचा इतिहास या पाच प्रश्नांत कुठेच नाहीत. सह्यवाट यांचे गुण या पद्धतीने जवळजवळ शून्य येतील, पण त्यांच्या वडिलांचा ५१ व्या वर्षीचा झटका मी नजरेआड करणार नाही.

तर्कटपंत

डॉक्टर, आपला अनुभव मान्य आहे, पण याला एक दुसरी बाजू आहे. अशाने प्रत्येक टोचणीसाठी माणूस ईसीजी, इको, ट्रेडमिल आणि मग अँजिओग्राफी अशा साखळीत अडकतो. माझ्या कार्यालयातल्या तिशीतल्या एका मुलाने वर्षभरात कितीतरी तपासण्या केल्या, सगळ्या व्यवस्थित आल्या, आणि तो आजही नाडी मोजत बसतो. भीती हाही आजारच आहे.

गावडॉक्टर

हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. तिशीतल्या, जोखीम नसलेल्या, श्रमाने न वाढणाऱ्या आणि दाबून हुबेहूब उठणाऱ्या दुखण्यासाठी इतक्या तपासण्या मीही सांगत नाही. नीट ऐकून, छाती तपासून आणि फार तर एक ईसीजी काढून थांबतो. पस्तिशी ओलांडलेल्यांना मात्र ईसीजी करायलाच सांगतो. क्ष-किरणात कूर्चा दिसत नाही, त्यामुळे छातीच्या फोटोने कॉस्टोकॉन्ड्रायटिस सिद्ध होत नाही. तो न्यूमोनिया किंवा फुप्फुसाभोवती साठलेली हवा यांसारखे काही नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर अवश्य भरून काढावे, पण आपल्या शहरांत ते इतक्या जणांचे कमी निघते की त्याचा आणि या कळेचा संबंध जोडताना मी हात आखडता घेतो. आपले दुखणे कदाचित त्या अवधीत आपोआपही थांबले असते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितो आहे. मुंबईहून लांबचा प्रवास करून आल्यावर मला उजव्या बरगडीपाशी टोचायला लागले, श्वास घेताना वाढायचे आणि दाबल्यावरही दुखायचे. बॅगा उचलल्यामुळे झाले असे मी धरून चाललो होतो. पण सोबत जिना चढताना पूर्वी कधी न लागलेला दम लागत होता आणि एक पोटरी सुजली होती. निदान फुप्फुसातल्या गुठळीचे निघाले. श्वासाबरोबर टोचते म्हणजे स्नायूच, असे कोणी समजू नये, एवढ्यासाठी लिहिले.

सह्यवाट

सर्वांचे आभार. गावडॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम लक्ष ठेवून देत आहे. टोचणारी कळ चालण्याने वाढत नाही. पण नव्या घराची लिफ्ट बंद असल्याने गेले काही दिवस चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढतो आहे, आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपास छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे वाटते. थांबले की दोन-तीन मिनिटांत जाते. ते दुखत नाही, म्हणून मी त्याला दुखणे म्हटलेच नव्हते. जागा दाबून हे आवळणे उठत नाही. बायकोच्या मते वजन वाढल्यामुळे दम लागतो.

गावडॉक्टर

सह्यवाट, ही आपली दुसरी तक्रार आहे आणि पहिलीपेक्षा ती महत्त्वाची आहे. श्रमाने येणारे आणि थांबल्यावर जाणारे आवळणे, तेही नव्याने सुरू झालेले, हे दुखत नसले तरी हृदयाचे समजूनच तपासायचे असते. कित्येक रुग्ण त्याला दुखणे म्हणत नाहीत. ते मूठ छातीवर ठेवून "जड वाटतं" म्हणतात. आजच हृदयरोगतज्ज्ञांना किंवा फिजिशियनना दाखवावे आणि ते सांगेपर्यंत जिना टाळावा. जिन्याची गोष्ट त्यांना पहिल्याच वाक्यात सांगावी. बरगडीपासून सुरुवात केली तर तपासणारा बरगडीतच अडकण्याचा धोका आहे.

त्याआधी बसल्या जागी आवळले आणि ते दहा-पंधरा मिनिटे टिकले, किंवा सोबत घाम, दम, उलटी, जबड्यात वा हातात कळ, डोळ्यांसमोर अंधारी असे काही झाले, तर भेटीची वेळ बघत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि स्वतः गाडी चालवू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलीग्रॅमची साधी गोळी चावून खावी. दुखणे अचानक फाटल्यासारखे पाठीत जात असेल तर मात्र ॲस्पिरिनही घेऊ नये, कारण तिथे महाधमनी चिरल्याची शंका असते.

सह्यवाट

त्याच दिवशी संध्याकाळी दाखवले. ईसीजी पुन्हा व्यवस्थित आला, ट्रोपोनिन दोन्ही वेळा सामान्य होते, इकोत हृदयाचे आकुंचन चांगले आहे. कोलेस्टेरॉल मात्र बरेच जास्त निघाले. डॉक्टरांचे म्हणणे असे की बरगडीचे निदान बरोबरच आहे, पण जिन्यावरचे आवळणे त्याने उलगडत नाही. बरगडी दुखत असताना ट्रेडमिलवर नीट धावता येणार नाही, म्हणून त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी सुचवली आहे. ती या आठवड्यात आहे. तोवर कमी मात्रेचे ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन सुरू केले आहे. शिंकताना कळ अजून येते. आधीच्या वेदनाशामक गोळ्या चालू ठेवायच्या का, हे विचारायचे राहिले.

गावडॉक्टर

त्यांना फोन करून आजच विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या गोळ्या थांबवाव्यात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी हृदयाची जोखीम वाढते, आणि आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात आड येते. शिवाय ॲस्पिरिनसोबत यांपैकी काहीही घेतले की पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. तोवर बरगडीसाठी दिवसाला ३ ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉल आणि शेक पुरेसा आहे. शिंक आली की छोटी उशी छातीशी घट्ट धरावी, कळ बरीच सुसह्य होते.